प्रकल्प नोंदी: बाईंच्या निरोपाच्या भाषणाची बोलती प्रत

१२ एप्रिल २०२५, शनिवार

दुपारी बाईंचा फोन आला. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी मला पहिली ते चौथी शिकवलं. मी आता पुण्यात मुद्रितशोधनाची कामं करतो हे त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, "भाषण लिहून काढलंय. शुद्धलेखन बघ, आणि वाचताना कुठं अडखळतेय तेही बघ."

बाईंची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून १९६७. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या गावाची तारीख १ जूनच असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच टाकायचे. एक तारखेचा जन्म म्हणजे नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. त्यामुळे अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होऊन बाई ३१ मेला निवृत्त होणार, आणि तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असणार. म्हणून निरोप १ मेलाच ठेवला आहे, ध्वजारोहण आणि निकालवाटप झाल्यावर. भाषणाला दहा मिनिटं दिली आहेत.

संध्याकाळी वहीच्या पानांचे फोटो आले. अक्षर तेच, फळ्यावरचं. टाइप करून घेतलं. ११४० शब्द झाले.

१३ एप्रिल, रविवार

फोनवरच बाईंना एकदा पूर्ण वाचायला सांगितलं. तेरा मिनिटं लागली आणि सात ठिकाणी त्या थांबून मागे गेल्या. त्या सातही जागांवर खुणा केल्या. शुद्धलेखनाच्या चुका जवळपास नाहीतच. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाच्या लिखाणात त्या सापडणारही नाहीत. अडचण वेगळी आहे. हे भाषण पंचायत समितीला पाठवायच्या अहवालाच्या भाषेत लिहिलं गेलंय. बाई बोलतात ते मराठी इतकं सरळ आणि घरगुती, पण कागद समोर आला की हात आपोआप त्या भाषेकडे वळतो.

ज्या वाक्यात त्या दोनदा मागे गेल्या ते हे:

"सन १९८९ मध्ये मी सदर शाळेमध्ये उपशिक्षिका या पदावर रुजू होऊन शाळेला केवळ दोनच वर्गखोल्या उपलब्ध होत्या व त्यांपैकी एका खोलीचे छत पावसाळ्यामध्ये गळत असल्याकारणाने चारही वर्गांतील विद्यार्थ्यांना एकाच खोलीमध्ये बसविण्यात येऊन त्यांना माझ्याकडून शिकविले जात असे."

सदतीस शब्द. डोळ्यांनी वाचताना चालून जातं, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही. ऐकणारा "रुजू होऊन" ऐकतो आणि वाट बघतो की रुजू झालेल्या बाईंनी पुढे काय केलं. पुढे येते शाळा. व्याकरणाची खरी चूक इथेच आहे. 'ऊन' लावलेल्या क्रियापदाचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता सहसा एकच असतो. 'जेवून झोपलो' यात जेवला तोच झोपला. रुजू झाल्या बाई आणि दोन खोल्या होत्या शाळेला, म्हणून इथे 'ऊन' चालत नाही, 'तेव्हा' हवं. ('ताना'चं तसं नसतं. 'शाळेत येताना पाऊस होता' हे बरोबर आहे, ते खोडायचं नाही.)

दुसरी गोष्ट 'बसविण्यात येऊन' आणि 'माझ्याकडून शिकविले जात असे'. ज्या बाईंनी एका खोलीत चार वर्ग सांभाळले त्या वाक्यातून गायबच झाल्या. मी त्या खोलीत बसलो आहे. मला त्या वाक्यात बाई दिसायला हव्यात.

१६ एप्रिल, बुधवार

परिच्छेद पुन्हा लिहिला नाही. बाईंना फोन करून विचारलं, "त्या खोलीत काय चालायचं ते मला नुसतं सांगा." त्या बोलत गेल्या, मी उतरवून घेतलं आणि तेच ठेवलं:

"मी १९८९ साली या शाळेत आले. तेव्हा शाळेला दोनच खोल्या होत्या. त्यातली एक पावसाळ्यात गळायची. मग चारही वर्गांची मुलं आम्ही एकाच खोलीत बसवायचो. पहिलीची पाटी तपासता तपासता मी चौथीला गणित सांगायचे."

'जात असे', 'येत असत' हे सगळं 'सांगायचे', 'यायची' असं झालं. रोज घडून गेलेल्या गोष्टीसाठी बोलण्यात हेच रूप येतं. 'शिकविले', 'बसविले' यातल्या 'वि'चा 'व' झाला, 'शिकवलं', 'बसवलं' झालं. 'परंतु'चं 'पण' आणि 'अद्याप'चं 'अजून' झालं. 'सदर' पूर्ण काढला, कारण माणूस त्याच शाळेच्या पटांगणात उभा आहे.

एक बदल बाईंनी परतवला. मी सगळीकडे 'आलंय', 'यायचंय', 'झालंय' अशी जोडरूपं केली होती. त्या म्हणाल्या, "अरे, गावासमोर उभं राहून मी इतकं तुटक नाही बोलत. मुलांच्या तोंडी असेल तिथं ठेव." बरोबर आहे. बोलीतलं आणि व्यासपीठावरचं बोलणं यात एक पायरीचं अंतर असतंच. आता ते फक्त एका ठिकाणी आहे. भात लावणीच्या दिवसांत पट अर्ध्यावर यायचा, तेव्हा बांधावरून एक पोरगी ओरडायची ते वाक्य. आधी ते "तिने सांगितले की तिला शाळेत यायचे आहे" असं होतं. आता: "'बाई, मला शाळेत यायचंय!' असं ती बांधावरून ओरडायची." पूर्वीच्या वाक्यात 'तिने' आणि 'तिला' एकीच का दोघी हेही कळत नव्हतं.

१९ एप्रिल, शनिवार

आज माझ्याकडून मोठी चूक झाली. ती सविस्तर लिहून ठेवतो, कारण हे काम करणाऱ्या कोणाकडूनही ती होऊ शकते.

लेखी मराठीत 'केले', 'सांगितले', 'वाटते', 'माझे घर' असं लिहितो. बोलताना 'केलं', 'सांगितलं', 'वाटतं', 'माझं घर'. डोक्यावरचा तो बिंदू नाकातला उच्चार दाखवत नाही, शेवटचा 'अ' लांबवायला सांगतो. वाचायच्या प्रतीत बिंदू असलेला बरा. नाहीतर वाचणारा लिहिल्याप्रमाणे 'केले' म्हणतो आणि भाषण बातमीपत्रासारखं ऐकू येतं.

मी घाईत होतो. संगणकावर शोधा आणि बदला लावलं, शब्दाच्या शेवटी 'ले' असेल तिथं 'लं', आणि 'ते' असेल तिथं 'तं'. वरवर बघून प्रत बाईंना पाठवली. तासाभरात फोन आला. चिडल्या नव्हत्या, पण आवाज पडलेला होता. "पहिलंच वाक्य बघ. मी शाळेत आलं?"

'मी १९८९ साली या शाळेत आलं.' आणि शेवटचं वाक्य, जे त्यांनी फार जपून ठेवलं होतं, ते झालं होतं 'येतं मी'.

चूक का निसटली हे मला नंतर कळलं. 'ले'च्या जागी बिंदू फक्त नपुंसकलिंगी एकवचनाला येतो: घर बांधलं, काम झालं. किंवा क्रियापद कशाशीच जुळत नसेल तिथे: मला वाटतं, त्यांनी सांगितलं. पण 'ले' दोन आणखी ठिकाणी येतो. एक म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, 'दिवस गेले', 'डोळे भरून आले', 'पैसे जमवले'. आणि दुसरं म्हणजे बाई स्वतःबद्दल बोलते तेव्हा, 'मी आले', 'मी बसले', 'मी घाबरले'. मी पुरुष आहे. माझ्या तोंडात आयुष्यभर 'मी आलो', 'मी बसलो' आहे, म्हणून या रूपातला 'ले' माझ्या डोळ्याला खटकला नाही. (नागपूरकडच्या बाईंचं भाषण असतं तर त्या 'मी आली' म्हणाल्या असत्या, आणि तेही मी बदललं नसतं.)

रात्री बसून एकेक जागा तपासली. त्यासाठी दोन कसोट्या पुरल्या. पहिली, वाक्य पुरुषाच्या तोंडी घालून बघायचं. 'मी आले' माझ्या तोंडी 'मी आलो' होतं, म्हणजे शब्द बोलणाऱ्याशी जुळलेला आहे, हात लावायचा नाही. 'मी ठरवले' माझ्याही तोंडी 'मी ठरवले'च राहतं, म्हणजे 'ठरवलं' करायचं. दुसरी, वस्तू एकच आहे असं धरून बघायचं. 'दिवस गेले' एकाचं करा, 'दिवस गेला' होतो, म्हणजे अनेकवचन आहे, तसंच ठेवायचं. 'काम झाले' आधीच एकाचं आहे, तिथे बिंदू.

'ते'लाही पहिलीच कसोटी. 'मला आठवते' कोणाच्याही तोंडी तेच, म्हणून 'आठवतं'. 'मी सांगते' माझ्या तोंडी 'सांगतो', म्हणून 'सांगते'च. कर्ता स्त्रीलिंगी असेल, जसं 'शाळा भरते', तिथेही 'ते'च. 'मुळे', 'पुढे', 'मागे', 'इकडे' यांना तर या प्रतीत बिंदू नकोच होता, ते शोधा-बदलाच्या तावडीत आले नाहीत हे नशीब.

एकंदर ६१ 'ले'पैकी २३ परत फिरवावे लागले. बाईंची माफी मागितली. म्हणाल्या, "तिसरीतही तू गणित घाईत सोडवायचास."

२० एप्रिल, रविवार

आजचा पूर्ण दिवस एका शब्दावर गेला: 'आपण'.

बाईंच्या प्रतीत हे वाक्य होतं: "आपण या शाळेसाठी जे केले ते आपण कधीही विसरणार नाही." पहिला 'आपण' म्हणजे ग्रामस्थ, आदरार्थी तुम्ही. दुसरा म्हणजे बाई आणि सगळे. कागदावर संदर्भाने लागतं, ऐकताना मात्र वाटतं की ग्रामस्थ स्वतःचंच काम विसरणार नाहीत. भाषणात असे चौदा 'आपण' होते.

मी सुचवलं की सुरुवातीच्या संबोधनात पाहुण्यांसाठी एकदा 'आपण' ठेवू, नंतर ग्रामस्थांना सरळ 'तुम्ही' म्हणू. बाईंना आधी ते उद्धट वाटलं. मग त्यांनीच विचार केला. या गावात सरपंचांनाही त्या चहाच्या वेळी 'तुम्ही'च म्हणतात. वाक्य झालं: "तुम्ही या शाळेसाठी जे केलंत ते मी विसरणार नाही." 'केलंत'मधल्या 'त'मुळे समोरच्याशी बोलल्याचं आपोआप कळतं. लेखी भाषेत तो 'त' बऱ्याचदा गाळला जातो, बोलण्यात असावा.

मग 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. बाईंनी 'आमची शाळा' असं नऊ वेळा लिहिलं होतं. पटांगणात पालक आणि मुलं समोर बसलेली असताना 'आमची शाळा' म्हटलं की शाळा शिक्षकांची होते आणि ऐकणारे बाहेर राहतात. आठ ठिकाणी 'आपली' केलं. नववी जागा तशीच ठेवली. द्विशिक्षकी शाळा होती, तेव्हा बाई आणि त्यांच्या सहकारी विहिरीवरून पाणी आणून माठ भरायच्या. "आमच्या शाळेत आम्ही दोघी पाणी भरायचो." तिथे ऐकणारे खरोखरच नव्हते.

एक जागा अवघड होती. बाईंची पहिली नेमणूक इथली, मग बदल्या होऊन दोन दुसऱ्या गावांत, आणि शेवटची नऊ वर्षं परत इथे. मधल्या वर्षांबद्दल बोलताना 'आपल्या शाळेत' म्हटलं तर कोणत्या शाळेत? तिथे सरळ 'तिथल्या शाळेत' असं केलं. ती दोन गावं या भाषणात एका परिच्छेदापुरतीच आहेत. बाई म्हणाल्या, तिथलं तिथे जाऊन सांगेन.

२३ एप्रिल, बुधवार

आज क्षमेचा परिच्छेद. मूळ: "माझ्याकडून कळत-नकळत कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी."

हे वाक्य प्रत्येक निरोपाच्या भाषणात असतं आणि व्याकरणाने निर्दोष आहे. पण 'दुखावले गेले' यात दुखावणारा नाही, आणि 'असल्यास' यात घडलं की नाही तेही नक्की नाही. मी बाईंना एवढंच विचारलं, "असं कोणी आहे का?" बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आहे."

संध्याकाळी त्यांनी स्वतः लिहून पाठवलं:

"एका मुलाला मी वर्गाबाहेर उभं केलं होतं. वही आणली नाही म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी त्याच्या घरी आठ दिवसांनी गेले. तेव्हा कळलं, घरात वहीला पैसे नव्हते. मी दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. माझं चुकलं."

मी फक्त शेवटच्या दोन शब्दांबद्दल विचारलं. 'माझं चुकलं' आणि 'मी चुकले' दोन्ही शुद्ध. पहिल्यात चुकलं ते काहीतरी, नपुंसकलिंगी, माझ्याकडचं एक काम. दुसऱ्यात चुकले ती मी. बाईंनी दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिलं, दोनदा. "मी चुकले ठेव."

तो मुलगा आता गावातच शेती करतो आणि त्याची मुलगी दुसरीत आहे. बाईंनी नाव घातलेलं नाही, तरी गाव ओळखेल. म्हणून आधी त्याला फोन करून विचारा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "लिहायच्या आधीच विचारलं. सांगा बाई, म्हणाला."

२७ एप्रिल, रविवार

गावी आलो. शाळेच्या ओट्यावर बसून वाचन घेतलं. आता ७०० शब्द आहेत, थांबे धरून पावणेआठ मिनिटं.

अडखळण्याच्या तीन जागा उरल्या होत्या. 'सेवानिवृत्तीनिमित्त' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की बाईंचा श्वास तिथेच संपतो. 'मी निवृत्त होते आहे म्हणून' केलं. 'आभार व्यक्त करते'च्या जागी 'आभार मानते' आलं, आपल्याकडे आभार मानतातच. तिसरी जागा संबोधनाची. सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, ग्रामस्थ, पालक अशी लांब साखळी एका दमात होती, आणि मुलं सगळ्यांत शेवटी. बाईंनी ती उलटी केली. आधी 'मुलांनो', मग थांबा, मग बाकीचे तीन तुकड्यांत. केंद्रप्रमुखांना राग येईल का असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तेही माझेच विद्यार्थी होते रे, तिथल्या शाळेतले."

छापायची प्रत अशी केली: १८ पॉइंटाचा टाइप, ओळ श्वासाला तोडलेली, क्रियापद पुढच्या ओळीवर ढकललेलं नाही, आणि कोणतंही वाक्य पान ओलांडत नाही. कागद साधा नको, कार्डशीट हवा. एका हातात माइक असणार आणि पटांगणात वारा. पाच कार्डं झाली. कोपऱ्यात मोठे आकडे घातले आणि फक्त एकाच बाजूला छापलं.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. बाईंच्या घरी जेवलो. नवीन काही बदललं नाही. बाईंनी कार्डं एकदा चाळली आणि चौथ्या कार्डावर पेन्सिलने एक रेघ मारली, 'मी चुकले'च्या आधी. थांबायची खूण.

१ मे, गुरुवार

निकालवाटप लांबलं, भाषणाला ऊन चढलं होतं. पहिलं कार्ड थोडं घाईत झालं, दुसऱ्यापासून बाई स्वतःच्या चालीत आल्या. गळक्या खोलीचं वाक्य आलं तेव्हा मागे उभे असलेले माझ्या वर्गातले दोघं एकमेकांकडे बघून हसले. तिसऱ्या कार्डावरचे आभार त्यांनी न बघता म्हटले आणि दोन नावं जास्तीची घेतली. चौथ्यावर पेन्सिलच्या रेघेपाशी थांबल्या, लिहिलं होतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त. मग "मी चुकले" म्हणाल्या, माइक जवळ घेऊन, नेहमीच्या आवाजात. तो पालकांच्या रांगेत होता. त्याने मान हलवली.

पाचव्या कार्डावर एकच ओळ होती. आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, म्हणून बाईंनी ती पहिल्या दिवसापासून तशी लिहिली होती आणि मी एकदा बिघडवून ठेवली होती. कार्ड त्यांनी उचललंच नाही.

"येते मी."

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. मुलांच्या रांगेतून एक जण म्हणालं, "या बाई."

७ मिनिटं ५० सेकंद.